पहिला संदेश, दहा मिनिटं, एकच मुद्दा: मी कशी तयारी करतो

प्रश्न: मी पाळक नाही, नोकरी करणारा साधा मंडळीचा सभासद आहे. दोन आठवड्यांनी उपासनेत पहिल्यांदाच संदेश द्यायचाय. पाळक म्हणाले दहा मिनिटं, एकच मुद्दा ठेव आणि नीट संपव. पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये.

सगळ्यात आधी पाळकांना एक विचारून घ्या, दहा मिनिटांत शास्त्रवाचन आणि शेवटची प्रार्थना धरलीय का? मी विचारलं नव्हतं. माझा पहिला संदेश सत्तावीस मिनिटं चालला, त्यात "आता शेवटचं सांगतो" हे मी तीनदा म्हणालो (रेकॉर्डिंगमध्ये मोजलं), आणि बाहेर आल्यावर एका आजींनी प्रेमाने विचारलं, "बाळा, छान बोललास, पण नक्की काय करायचं म्हणालास?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी जे करतो ते सांगतो.

मुद्दा म्हणजे विषय नव्हे, इथेच बहुतेकांची गाडी अडकते. "विश्वास" हा विषय झाला, "देवाची दया" हाही विषयच, आणि विषयावर माणूस तासभर बोलू शकतो म्हणून तर लांबतं. मुद्दा म्हणजे एक पूर्ण वाक्य, ज्यात कोणीतरी काहीतरी करतंय, आणि जे घरी गेल्यावर एकाने दुसऱ्याला जेवताना सांगितलं तर समजेल. माझं वाक्य पंधरा शब्दांच्या वर गेलं की मी समजतो अजून दोन मुद्दे एकमेकांत अडकलेत. वाक्यात "आणि" आला तरी तोच संशय.

आता हे वाक्य येतं कुठून, तर शास्त्रभागातून. आधी मुद्दा ठरवून मग त्याला जुळणारी वचनं शोधत बसलात तर सहा ठिकाणची सहा वचनं जमा होतील आणि लोक नुसती पानं उलटत राहतील. एकच छोटा भाग घ्या, पहिल्या वेळी तरी गोष्टीचा, कारण गोष्टीला क्रम असतो आणि घाबरल्यावर पुढे काय ते आठवतं.

मी एकदा मार्क १०:४६-५२ घेतला होता, यरीहोजवळचा आंधळा भिकारी बार्तीमय. सातच वचनं आहेत. तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ मोठ्याने वाचली आणि जे दिसेल ते कागदावर लिहीत गेलो, चांगलं-वाईट न बघता. तो ओरडतो. लोक त्याला गप्प बस म्हणतात. तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो. पण थांबून स्वतः त्याच्याकडे जात नाही, "त्याला बोलवा" असं म्हणतो. तो वस्त्र टाकून उठतो. येशू विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं असं तुला वाटतं? आणि हाच प्रश्न थोडं वर, छत्तिसाव्या वचनात, याकोब आणि योहानालाही विचारलाय, त्यांनी मागितल्या मानाच्या जागा आणि याने मागितली दृष्टी. शेवटी तो वाटेने येशूच्या मागे जातो.

बघा, यात किमान चार संदेश आहेत. चिकाटीने हाक मारण्याचा एक, टाकून दिलेल्या वस्त्राचा एक, त्या दोनदा आलेल्या प्रश्नाचा एक (हा मला सोडताना फार जीवावर आलं), आणि "त्याला बोलवा" याचा एक. दहा मिनिटांत एकच मावतो. मी "त्याला बोलवा" घेतला कारण ते दोन शब्द वाचताना मी स्वतः अडखळलो होतो, मी इतकी वर्षं ही गोष्ट आंधळ्याच्या बाजूने ऐकत आलो होतो आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की मी तर गर्दीत उभा आहे. वाक्य झालं: "ज्याला आपण गप्प बसवतो, त्याला बोलवायला येशू आपल्यालाच सांगतो." बाकीचे तीन वेगळ्या कागदावर लिहून ठेवले, फेकले नाहीत. हा वेगळा कागद महत्त्वाचा आहे बरं का, चांगला विचार वाया जात नाहीये एवढं मनाला कळलं की तो कापायला हात धजावतो.

मग वाक्य शास्त्रभागासमोर धरून तपासायचं. मी आधी लिहिलं होतं की ज्यांनी दटावलं त्याच माणसांनी जाऊन बोलावलं. वचन परत वाचलं तर दटावणारे "पुष्कळ" होते एवढंच आहे आणि नंतर बोलावलं "त्यांनी", तीच माणसं होती असं मार्क म्हणत नाही. म्हणून मी "त्याच गर्दीतल्या लोकांना" असं केलं. फरक बारीक आहे, पण समोर बसलेल्यांच्या हातात उघडं पवित्र शास्त्र असतं. तसंच ते वस्त्र म्हणजे भीक मागायचा सरकारी परवाना होता असं संदेशांमध्ये बऱ्याचदा ऐकायला मिळतं, शास्त्रभागात तसं एक अक्षर नाही, तेव्हा नुसतं कुठूनतरी ऐकलेलं असलं काही घालू नका.

आता लिहायचं, आणि लिहायला सुरुवात शेवटापासून. खरंच. शेवट आधी शब्दन् शब्द लिहून पाठ करा, कारण बोलताना सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते, माणसाला थांबायचं असतं पण थांबायचं वाक्य तयार नसतं, मग तो एक नवीन वचन काढतो, त्याचा अर्थ सांगतो, पुन्हा सारांश, पुन्हा एक अनुभव. माझा बार्तीमयचा शेवट असा होता:

"येशू थांबला आणि म्हणाला, त्याला बोलवा. ज्याला आपण गप्प बसवतो, त्याला बोलवायला येशू आपल्यालाच सांगतो. तुमच्या घरात असं एक माणूस असेल, जे बोलायला लागलं की तुम्ही विषय बदलता. आज जेवायच्या आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तू त्या दिवशी काय सांगत होतास? आपण प्रार्थना करू या."

यात काय आहे बघा. गोष्टीतलं एक चित्र, मग मुद्द्याचं वाक्य जसंच्या तसं, मग करायची एकच गोष्ट, आणि ती कधी आणि कोणापाशी करायची तेही. "आपण सर्वांनी एकमेकांवर प्रेम करू या" असा शेवट केला असता तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि कोणी काही केलं नसतं. शेवटात नवीन काही आणायचं नाही, ना वचन ना किस्सा. आणि प्रार्थना तीन-चार वाक्यांची, देवाशी बोलायची, नाहीतर डोळे मिटून दुसरा संदेश सुरू होतो, हा आजार जुन्या माणसांनाही असतो.

मधला भाग मी मिनिटांत वाटून घेतो. माझा वेग मंडळीसमोर मिनिटाला साधारण शंभर शब्द पडतो, तुमचा तुम्ही मोजा, एक पान मोठ्याने वाचून घड्याळ बघा. वाचनाला दीड मिनिट. सुरुवातीला एकच मिनिट, आणि त्यात "मी काही वक्ता नाही, चुकलं तर सांभाळून घ्या" हे अजिबात नको, सरळ रस्त्यावर उभं करा लोकांना: धूळ आहे, गर्दी आहे, आणि कडेला कोणीतरी ओरडतंय. पुढची चार मिनिटं गोष्टीतून क्रमाने चालत जा, पण ज्या जागी मुद्दा आहे तिथे पाय रोवून उभे राहा. मी वस्त्राबद्दल अर्धं वाक्य बोललो आणि "येशू थांबला" इथे पूर्ण मिनिटभर थांबलो. मग दोन मिनिटं आपल्याबद्दल, आपण कोणाला आणि कसं गप्प करतो, आणि एक मिनिट शेवट. झाले साडेनऊ. अर्धं मिनिट शिल्लक ठेवायचं, ते कुठेतरी जातंच.

उदाहरण एकच, आणि स्वतःचं. मी सांगितलं होतं की माझे वडील म्हातारपणी एकच गोष्ट परत परत सांगायचे आणि मी मोबाईल बघत "हो हो" करायचो. मंडळीतल्या कोणाची गोष्ट, नाव न घेता सुद्धा, सांगू नका, लोक पाच सेकंदात ओळखतात. आणि उदाहरण फार रंगवूही नका. नंतर लोकांना फक्त तुमचे वडीलच आठवले तर उदाहरणाने मुद्दा खाल्ला असं समजा.

सराव मनातल्या मनात होत नाही. उभं राहून, मोठ्याने, मोबाईलवर रेकॉर्ड करून किमान तीनदा. मी घाबरलो की हळू होतो, म्हणून घरी साडेआठ मिनिटांत बसेल असं ठेवतो, काहीजण भरभर सुटतात, ते पहिल्या रेकॉर्डिंगमध्येच कळेल. मग घरातल्या एकाला ऐकवा आणि "कसं वाटलं" असं विचारू नका, कारण ते छानच म्हणणार. "मी काय सांगितलं ते एका वाक्यात सांग" असं विचारा. माझ्या बायकोने पहिल्यांदा सांगितलं, "अपंगांना मदत करावी." म्हणजे मुद्दा पोचलाच नव्हता. मी ते वाक्य फक्त शेवटी एकदा बोलत होतो, मग गोष्टीच्या मध्यावर एकदा आणि आपल्याबद्दलच्या भागाच्या सुरुवातीला एकदा घातलं, तेच शब्द, न बदलता. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की तेच वाक्य परत लिहू नये, पण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही.

व्यासपीठावर एकच कागद न्या, मोठ्या अक्षरात, मोबाईल नको, ऐन वेळी स्क्रीन बंद होते. पूर्ण मजकूर नको, नुसते टप्पे, फक्त पहिलं वाक्य आणि शेवट पूर्ण लिहिलेला. मधल्या एका परिच्छेदाला आधीच पेन्सिलने चौकट करा, वेळ कमी पडला तर तो उडवायचा. घड्याळ काढून समोर ठेवा आणि आठ मिनिटं झाली की कुठेही असा, ते वाक्य संपवा आणि शेवटावर या. चौकटीतलं राहिलं तर कोणाला कळत नाही, शेवट घाईत उरकला तर सगळ्यांना कळतं.

आणि हो, उपासना चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवा की तुमच्या आमेननंतर लगेच गीत घ्या. माझ्या वेळी ते भाऊ उठले आणि माझा संदेश त्यांच्या शब्दांत पुन्हा सहा मिनिटं समजावून सांगितला.