ऑटोक्लेव्हवर व्हायवात काय विचारतात?

प्रश्न: डीएमएलटीची व्हायवा आहे. स्टरिलायझेशन-डिसइन्फेक्शनवर काय विचारतात आणि उत्तर कसं द्यायचं?

उत्तर: सुरुवात बहुधा फरकाने होते. सांगा, "स्टरिलायझेशनमध्ये स्पोअरसकट सगळे सूक्ष्मजीव मरतात, डिसइन्फेक्शननंतर स्पोअर उरू शकतात."

मग ऑटोक्लेव्ह. "121 अंश सेल्सिअस, 15 पौंड दाब, 15 मिनिटं" हे सगळेच सांगतात. खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते: जंतू दाबाने मरतात का? "नाही सर. दाबामुळे पाणी 100 अंशांच्या वर उकळतं आणि त्या गरम वाफेने जंतूंची प्रथिनं गोठतात."

"काटा 15 वर आहे, तरी माल निर्जंतुक झाला नाही. का?" आत हवा अडकली. निम्मी हवा राहिली, तर त्याच दाबाला तापमान जेमतेम 112 अंश होतं. म्हणून वाफ सलग येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा.

मालावर चिकटवलेली इंडिकेटर टेप काळी पडली म्हणजे झालं, असं मात्र म्हणू नका. मुलं इथेच अडकतात. टेप फक्त उष्णता लागल्याचं सांगते. खात्री जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या स्पोअरने होते. मालासोबत ठेवलेली या स्पोअरची कुपी सायकलनंतर 55 ते 60 अंशांवर ठेवतात. जांभळा द्रव पिवळा झाला, तर स्पोअर जिवंत आहेत.