ब्लीच केलेले केस परत गडद करताना हिरवे का होतात आणि आधी काय भरावं लागतं

प्रश्न: दोन वर्षांपासून केस ब्लीच केलेत, टोकं अगदी पांढरट-पिवळी आहेत. आता परत गडद तपकिरी हवेत. एका बटेवर बाजारातला तपकिरी रंग लावून पाहिला तर दोन-तीन धुण्यांत शेवाळी दिसायला लागली. अजून गडद रंग लावला तर झाकलं जाईल का?

नाही झाकलं जाणार. काळा लावलात तर आठ-दहा दिवस चांगलं दिसेल, पण तो उतरताना खालून तेच शेवाळ वर येईल, आणि तेव्हा काळा काढणं हे वेगळंच काम होऊन बसेल. तुमच्या केसांत गडदपणा कमी नाही, लाल-नारिंगी कमी आहे. तो आधी भरायचा आणि मग तपकिरी लावायचा. पार्लरमध्ये आम्ही याला फिलिंग म्हणतो, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये प्री-पिगमेंटेशन म्हणतात.

मी इंदूरला रामबागेत १७ वर्षं पार्लर चालवते. हे मी नुकसान करून शिकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपले काळे केस ब्लीच करताना मधेमधे फॉइल उघडून बघितलंत तर रंग ठरलेल्या क्रमाने बदलताना दिसतो: आधी तांबडा, मग तांबूस-नारिंगी, नारिंगी, पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. म्हणजे काळ्या केसांच्या पोटात हा सगळा तांबडेपणा आधीपासून असतो. तपकिरी रंगाची ट्यूब बनवणारा तो धरूनच चालतो. तपकिरी म्हणजे लाल, पिवळा आणि निळा यांचं मिश्रण. ट्यूबमधून मुख्यतः थंड, निळसर गडदपणा येतो, बाकीचं केसांनी द्यायचं असतं. तुमच्या टोकांत आता फक्त पिवळा उरलाय. पिवळ्यावर निळा पडला की हिरवा होणारच. राखाडी झाक असलेली, म्हणजे ॲश शेड घेतली असेल तर तो आणखी लवकर दिसतो.

आमच्या घरच्या बायकांना हे बिनट्रेनिंगचं ठाऊक होतं. माझी मावशी पांढऱ्या केसांना आधी मेंदी लावायची, ती धुऊन मग नीळ, म्हणजे इंडिगोची पानं. एकदा शेजारच्या काकूंनी वेळ वाचवायला सरळ नीळच लावली आणि कपाळावरच्या पांढऱ्या बटा निळसर-हिरव्या झाल्या. मावशी म्हणाली, "अगं, खाली मेंदी नको का? नीळ कशावर बसेल?" फिलिंग म्हणजे नेमकं हेच, फक्त ट्यूबमधून. (घरी मेंदीनेच भरू का, असं विचाराल. ब्लीच केलेल्या केसांवर नका करू. मेंदी निघत नाही, आणि बाजारातल्या पाकिटात मेंदीबरोबर काय काय मिसळलंय ते कळत नाही. काही मिश्रणांतल्या धातूच्या क्षारांची डेव्हलपरशी, म्हणजे रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडशी, प्रतिक्रिया होऊन केस तापतात.)

माझ्या पार्लरच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी साखरपुड्याआधी केस गडद करायला आली. टोकं तुमच्यासारखीच होती. मी सरळ ॲश ब्राउन लावला. ट्यूबलाइटखाली सुंदर दिसला, ती खुशीत गेली. चार धुण्यांनंतर परत आली तेव्हा मी तिला गॅलरीत उन्हात उभं केलं, आणि मानेमागचे केस ओल्या सिमेंटवर शेवाळ धरावं तसे होते. तेव्हापासून कोणताही रंग मी आधी उन्हात बघते. तुम्हीही बटेचा निकाल बाथरूमच्या दिव्याखाली ठरवू नका.

आता अलीकडेच आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते, तुमच्याशी जुळते म्हणून. मुळाशी चार बोटं तिचे स्वतःचे काळे केस, मधला भाग नारिंगीकडे झुकलेला पिवळा (पार्लरच्या मोजणीत आठ नंबर, नंबर जितका मोठा तितका रंग फिकट), आणि शेवटची वीतभर टोकं दहा नंबर, फिकट पिवळी. तिला पाच नंबरचा तपकिरी हवा होता.

आधी ओल्या केसाची परीक्षा. टोकाचा एक केस ओला करून हलकेच ताणला. थोडा ताणून परत आला तर काम करता येतं. च्युइंगमसारखा लांबतच गेला किंवा तुटला तर त्या टोकांना रंग भरून उपयोग नसतो. रंग धरून ठेवायला आत काही उरलेलंच नसतं, तिथे कात्रीच लागते. तिची शेवटची दोन इंच मी कापली, मगच पुढे गेले. ॲलर्जीची चाचणी, म्हणजे कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट बघणं, आदल्या भेटीतच झाली होती. ती सोडू नका, आधी कधी रंग लावला असला तरी.

मग साध्या शाम्पूने धुऊन, कंडिशनर न लावता, टॉवेलने टिपून केस किंचित ओले ठेवले. भरण्यासाठी डेमी-परमनंट कॉपर-गोल्ड घेतला, सात नंबरचा. नियम असा की भरायचा रंग शेवटी हव्या असलेल्या रंगापेक्षा एक-दोन नंबर फिकट असावा. शेवटचा रंग जितका गडद, तितका भरायच्या रंगात लाल जास्त. पाच नंबरसाठी तांबूस-नारिंगी, सातसाठी नारिंगी, आठसाठी नुसता सोनेरी पुरतो. म्हणून तिच्या वाटीत मी कॉपरमध्ये थोडा लालही मिसळला. ४० ग्रॅम रंगाला ६० ग्रॅम १० व्हॉल्यूमचा डेव्हलपर घेतला. १० व्हॉल्यूम म्हणजे तीन टक्के, त्याहून जोरदार नको. तुमच्या ट्यूबचं प्रमाण वेगळं असेल, तर ट्यूबवर लिहिलंय तेच पाळा. शेडच्या नंबरातले दशांशानंतरचे आकडेही प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. एकीचा चार म्हणजे कॉपर, तर दुसरीचा चार म्हणजे लाल. आकड्यापेक्षा शेडचं नाव वाचा.

वाटीतला रंग आधी फक्त टोकांना लावला. टोकं सगळ्यात रिकामी, त्यांना सगळ्यात जास्त भरायचंय. दहा मिनिटांनी तोच रंग वर मधल्या भागाला नेला आणि आणखी दहा मिनिटं थांबले. मधल्या भागात स्वतःचा नारिंगी थोडा शिल्लक होता, त्याला एवढंच पुरे. मुळाच्या काळ्या केसांना हात लावला नाही. तिथे लाल भरलेलाच आहे, उलट ते तांबडे दिसायला लागतील.

भरलंय की नाही हे बघायला एक बट ओल्या टिश्यूने पुसा. नव्या मातीच्या माठासारखा रंग दिसला पाहिजे. त्या क्षणी आरशात बघून पोरी घाबरतात, "ताई, हे काय केलंत?" म्हणतात. घाबरायचं नाही, तो रंग दिसायला हवाच. अजून लिंबासारखं पिवळं दिसत असेल तर भरलेलं नाही. ठिपक्या-ठिपक्यांनी नारिंगी झालं असेल तर केस खूप सच्छिद्र आहेत, धुऊन त्या जागी पुन्हा एकदा भरा.

नंतर नुसत्या पाण्याने धुतलं. इथे शाम्पू नको आणि कंडिशनरही नको. ड्रायरने जवळपास कोरडे केले आणि मग तपकिरी. इथे बहुतेक लोक चुकतात, हवा त्याच नंबरचा किंवा त्याहून गडद रंग घेतात. ब्लीच केलेले केस स्पंजासारखे रंग पितात आणि लावलेला रंग एक नंबर गडद दिसतो. तिला पाच हवा होता, म्हणून मी सहा घेतला, अर्धा नॅचरल आणि अर्धा गोल्डन, परत १० व्हॉल्यूमबरोबर. ॲश अजिबात नाही. पंधराव्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी बट पुसून बघत होते, पंचविसाव्या मिनिटाला धुतलं. शेवटची पाच मिनिटं तिच्या काळ्या मुळांच्या कडेला ब्रशने थोडं वर ओढलं, त्यामुळे जोडाची रेघ दिसेनाशी झाली. उन्हात रंग चहाच्या अर्कासारखा तपकिरी दिसत होता, हिरव्याचा मागमूस नव्हता.

हा रंग कायमचा नाही, हेही सांगायला हवं. भरलेला लाल-नारिंगी सगळ्यात आधी टोकांतून निघतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात टोकं पुन्हा फिकी पडली की ती माझ्याकडे फक्त टोकांना कॉपर आणि मग तपकिरी लावून घेते. मधल्या काळात घरी आठवड्याला एकदा कॉपरचा रंग सोडणारा कंडिशनर लावते. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जाणार असाल तर केसांना भरपूर तेल लावून, वेणी घालून, वर ओढणी बांधून जा. ब्लीच केलेल्या टोकांत गुलालाचा हिरवा इतका आत जातो की मी पुढच्या श्रावणापर्यंत तो काढत बसलेली आहे.

तुमची ती शेवाळी झालेली बट फेकण्यासारखी नाही, तिच्यावरच प्रयोग करा. हिरव्याला नारिंगी नाही, लाल मारतो. म्हणून तिथे कॉपरमध्ये लाल जरा जास्त घ्या, वीस मिनिटं ठेवा, धुवा आणि मग वर सहा नंबरचा गोल्डन ब्राउन. कानामागची एक कोरी पिवळी बटही बरोबर करा, तिच्यात साधा कॉपर-गोल्ड भरून. दोन्ही बटा चार वेळा शाम्पूने धुवा, वाळवा आणि सकाळच्या उन्हात शेजारी शेजारी धरा. कोऱ्या बटेत हिरवट झाक दिसली तर भरायच्या वाटीत आणखी लाल हवा. तांबडी दिसली तर लाल काढा आणि वरच्या वाटीत गोल्डन कमी करून नॅचरल वाढवा. दोन्ही बटा सारख्या दिसेपर्यंत डोक्याला हात लावू नका.