आयईएलटीएसच्या निबंधात ‘आउटवे’, म्हणजे फायदे तोट्यांपेक्षा भारी आहेत का, असं विचारलं असेल तर दोन्ही बाजू सारख्या लिहायच्या की एक बाजू घ्यायची?

बाजू घ्या, आणि पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. उलटं करून मी परीक्षेची फी एकदा घालवली आहे.

वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ एका क्लासला जायचो. सरांचा लाडका शब्द ‘बॅलन्स’. सरावाला विषय आला, घरून काम करण्याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का? मी दोन फायदे, दोन तोटे मोजून सारख्या ओळींत लिहिले आणि शेवटी ‘ज्याने त्याने सोयीने ठरवावं’. सरांनी लाल पेनाने ‘वेल बॅलन्स्ड’ लिहिलं. खऱ्या परीक्षेत तशीच गत, रायटिंगला साडेपाच. सर म्हणाले, ‘स्पेलिंग बघ.’

नुसतेच फायदे-तोटे विचारले असतील तर मत दिलं नाही तरी चालतं. इथे मात्र वजन विचारलंय, मोजणी नाही. खंडेराव मार्केटात पारड्यात कोथिंबिरीच्या चार जुड्या टाकल्या तरी त्या एका डांगराला भारी पडत नाहीत. निबंधाच्या एकूण गुणांतला पाव हिस्सा टास्क रिस्पॉन्सला, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर देण्याला असतो, आणि सात बँडला तुमची भूमिका स्पष्ट दिसावी लागते.

दुसऱ्या वेळी चाळीसातली पहिली पाच मिनिटं मी निबंधाला हातच लावला नाही. आधी घरी तोच जुना विषय घेऊन हे करून पाहिलं होतं. कागदावर एकच वाक्य: ‘प्रवासाचा वेळ वाचतो खरा, पण नवख्याचं शिकणं बुडतं, म्हणून तोटे भारी.’ हलकी बाजू आधी घेतली: मकरपुऱ्याला जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. पण तिथेच तिला लगाम घातला, की हा फायदा ज्याला काम येतं त्यालाच पुरता मिळतो. मग भारी बाजूला जास्त जागा. शेजारच्या टेबलावरचे सीनियर चिडलेल्या ग्राहकाला फोनवर कसं शांत करतात, हे मी नुसतं ऐकून शिकलो. ते कुणी मीटिंग लावून शिकवत नाही. वाचलेला तास उद्याही वाचेल, पण पहिल्या वर्षाचं हे शिकणं मागाहून भरून निघत नाही. हे कारण लिहिलं नाही, तर ‘भारी’ हा नुसता शब्द राहतो.

लिहून झाल्यावर फक्त सुरुवात, दोन्ही परिच्छेदांची शेवटची वाक्यं आणि समारोप वाचायचा. सगळीकडे एकच बाजू दिसली नाही, तर बांधणी सैल आहे.

हो, फायदे भारी म्हणालात तरी गुण तेच. परीक्षक मताला गुण देत नाही. ‘नवखे सोडले तर फायदे भारी’ हेही चालेल, फक्त ते सुरुवातीलाच म्हणा. आणि मी काही परीक्षक नाही, दोनदा बसलोय इतकंच.

त्या वेळी सात आले. सर नव्या बॅचला सांगतात, पोराने स्पेलिंग सुधारली.