हिरो सेक्शनसाठी आयसोमेट्रिक चित्र सांगताना

वेबसाइट उघडताच वर दिसणाऱ्या हिरो सेक्शनमधल्या चित्रासाठी तू इलस्ट्रेटरला लिहिलेलं वर्णन वाचलं. ‘क्लीन, मॉडर्न, प्रीमियम’ हे शब्द आधी खोड. त्यांवरून इलस्ट्रेटरला काहीच कळत नाही. समजा, प्रॉडक्ट दुकानातलं बिलिंग मशीन आहे. मग असं लिही:

‘मशीनच्या वरची, डावी आणि उजवी अशा तीन बाजू दिसाव्यात. खालच्या कडा आडव्या रेषेशी 30 अंशांत. पर्स्पेक्टिव्ह नको. उजेड वरून डावीकडून: वरची बाजू सर्वांत उजळ, उजवी सर्वांत गडद. रंग पांढरा आणि फिका राखाडी. ब्रँडचा निळा फक्त बटणांवर. मॅट प्लास्टिक, कोपरे किंचित गोल, खाली एकच मऊ सावली.’

नवीन माणसं नुसतं ‘थ्रीडी’ लिहितात आणि साध्या कॅमेऱ्यातून दिसतं तसं चित्र हातात पडतं. स्क्रीनवर समांतर कडांना पट्टी लावून बघ. मागे जाताना त्या जवळ येत असतील, तर ते आयसोमेट्रिक नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चित्र करणाऱ्याला कॅमेरा `Orthographic` ठेवायला सांग.

दुसरी हौस म्हणजे भोवती तरंगणारी नाणी, ढग, गिअर. मोबाइलवर चित्र बोटभर होतं, तेव्हा हा सगळा कचराच दिसतो. मशीन आणि त्यातून बाहेर येणारं बिल, बस्स.

मथळा डावीकडे असेल तर चित्र उजवीकडे, बॅकग्राउंड पारदर्शक. अ‍ॅनिमेशनचं नंतर बघू.