माझ्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, फाइल्स ४०० जीबी. ऑन-डिमांडवर भरवसा ठेवावा का? वनड्राइव्ह घेऊ की गुगल ड्राइव्ह?

भरवसा ठेवा. ऑन-डिमांड म्हणजे फाइलचं नाव लॅपटॉपवर दिसतं, पण फाइल क्लाउडवर राहते आणि उघडली की उतरते. मी वनड्राइव्हबद्दलच सांगतो, कारण आमच्या ऑफिसात तेच आहे आणि त्यावरून माझं नि दादाचं आजही पटत नाही.

धरमपेठेत आमचं इमारतींच्या नकाशांचं काम चालतं. दादाच्या लॅपटॉपवर जागा उरेना, म्हणून मी जुन्या कामांच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून `Free up space` दिलं. हिरवी टिक जाऊन निळा ढग आला. प्रॉपर्टीजमध्ये `Size` होती तेवढीच, `Size on disk` मात्र शून्य. दादा म्हणाला, "शून्य आहे म्हणजे फाइल नाहीच ना बे! नुसती नावं कशाला ठेवायची?" आणि अख्खं फोल्डर डिलीट केलं. थोड्या वेळात ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही गेलं.

ते जाणारच होतं. ढगाची खूण असलेली फाइल डिलीट केली की क्लाउडवरची मूळ फाइलच डिलीट होते. अशी फाइल लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्येही सापडत नाही, वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या बिनमध्ये शोधावी लागते. वैयक्तिक खात्यात ती तिथे ३० दिवस राहते. आमचं फोल्डर तिथूनच परत आलं. जागा हवी असेल तर `Free up space`, `Delete` कधीच नाही. हे मी दादाला आधीच सांगितलं होतं.

त्याची दुसरी तक्रार बुटीबोरीच्या साइटवरची. तिथे नेट गेलं, नकाशा उघडला पण कॉलम-बीम गायब. मुख्य ड्रॉइंग तेवढं लॅपटॉपवर उतरलं होतं, त्याला जोडलेल्या एक्सरेफ फाइल्स ढगातच राहिल्या होत्या. म्हणून साइटवर जायच्या आदल्या दिवशी एक फाइल नाही, पूर्ण फोल्डर `Always keep on this device` करायचं आणि भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक येईपर्यंत थांबायचं. पांढऱ्या गोलातली हिरवी टिक पुरेशी नाही. ती फाइल आत्ता लॅपटॉपवर असते, पण स्टोरेज सेन्स चालू असेल तर बरेच दिवस न उघडलेली फाइल विंडोज पुन्हा ढगात पाठवू शकतं.

गुगल ड्राइव्हमध्ये `Stream files` निवडलं की साधारण हेच होतं. फुकटच्या जागेत ४०० जीबी दोन्हीकडे मावणार नाहीत, पैसे भरावे लागतील.

आणि हो, हा बॅकअप नव्हे. एका ठिकाणी डिलीट केलेलं सगळीकडून जातं, म्हणून वेगळी हार्ड डिस्क हवीच. एवढं दादाचं खरं. पण त्याच्यासारखं सगळं एकदम कॉपी करू नका. कॉपी करताना प्रत्येक फाइल आधी लॅपटॉपवर उतरते, त्यामुळे तुमची डिस्क मध्येच भरेल. एक फोल्डर कॉपी करा, त्याला `Free up space` द्या, मगच पुढचं घ्या.