जीएसटीची डिमांड: प्रोव्हिजन करायची की नुसती नोट टाकायची?

प्रश्न: आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. २०२०-२१ सालासाठी जीएसटीची २४ लाखांची डिमांड आली, वर व्याज आणि दंड. आम्ही अपील केलंय. सीए म्हणतात थोडी प्रोव्हिजन करू, बाकीची नोट टाकू. अपीलात असलेली रक्कम खर्चात कशी येते? आणि ज्या सप्लायरमुळे हे झालं त्याच्याकडून मागितलेले पैसे उत्पन्नात धरता येतील का?

उत्तर:

तुमचे सीए बरोबर सांगताहेत. गोंधळ होतो तो ‘अपीलात आहे’ या दोन शब्दांमुळे. अपील केलं म्हणून देणं नाहीसं होत नाही आणि नोटीस आली म्हणून ते जन्मालाही येत नाही. पाहायचं एवढंच, की ३१ मार्चच्या आधी असं काही घडून गेलंय का ज्यामुळे पैसे द्यावे लागणार, आणि ते द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आणि आकडा धड काढता येत असेल तर प्रोव्हिजन, म्हणजे रक्कम याच वर्षी खर्चात आणि ताळेबंदात देणं म्हणून. शक्यता निम्म्याहून कमी पण अगदीच नगण्य नाही, तर कंटिंजंट लायबिलिटी, म्हणजे ताळेबंदात आकडा नाही, खाली नोट. शक्यता नगण्य असेल तर नोटसुद्धा नाही. तुमच्या आकाराच्या कंपनीला बहुतेक एएस २९ हे अकाउंटिंग स्टँडर्ड लागू असेल, म्हणून त्याच्याच हिशेबाने लिहितो.

मोठी चूक होते ती अख्ख्या डिमांडला एकच लेबल लावण्यात. ऑर्डर हातात घ्या आणि मुद्द्यानुसार फोडा. तुमची ऑर्डर मी पाहिलेली नाही, पण २४ लाखांच्या डिमांडमध्ये साधारण असे तीन मुद्दे निघतात असं धरू.

पहिला मुद्दा, २ लाख. दिवाळीच्या गिफ्टांवर आणि स्टाफच्या केटरिंगवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वजा केला. कलम १७(५) प्रमाणे हे क्रेडिट सहसा मिळतच नाही. मालकाला विचाराल तर तोही हळूच म्हणेल, “हे आपलं चुकलंच.” इथे देणं तयार झालं ते क्रेडिट वापरलं त्या दिवशी, ऑक्टोबर २०२० मध्ये, ऑर्डरच्या दिवशी नाही. म्हणून प्रोव्हिजन, आणि तीही नुसत्या कराची नाही. १८ टक्के दराने ३१ मार्च २०२५ पर्यंत साडेचार वर्षांचं व्याज १ लाख ६२ हजार, आणि कलम ७३ खालचा १० टक्के दंड २० हजार. एकूण ३ लाख ८२ हजार. व्याज विसरून फक्त २ लाख बुक करणारे मी खूप पाहिलेत. तसं केलं की पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा डोकं वर काढतो.

दुसरा मुद्दा, १८ लाख. तुम्ही सप्लायरला करासकट पैसे दिले, त्याने सरकारला भरले नाहीत, आणि खातं म्हणतं की कलम १६(२)(सी) प्रमाणे तुमचं क्रेडिट गेलं. इथे खरा वाद आहे. वेगवेगळ्या हायकोर्टांनी वेगवेगळी मतं दिली आहेत. तुमच्याकडे बिल, माल आल्याचा पुरावा, लॉरी रिसीट, बँकेतून दिलेले पैसे हे सगळं असेल आणि वकील लेखी म्हणत असतील की बाजू मजबूत आहे, तर ही कंटिंजंट लायबिलिटी. नोटमध्ये अख्खे १८ लाख लिहा, वर व्याज आणि दंड किती होतो तेही, आणि वाद कशाचा व कुठल्या स्तरावर आहे हे दोन ओळींत. ‘विविध कर प्रकरणे’ एवढंच लिहिलेल्या नोटेतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

इथे एक पळवाट हमखास सुचवली जाते. एका क्लायंटचे मालक मला म्हणाले होते, “हरायचा चान्स चाळीस टक्के ना? मग १८ लाखांचे चाळीस टक्के, सात लाख वीस हजार टाकून मोकळे व्हा.” ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण एकट्या दाव्याला हे गणित चालत नाही. निकाल एक तर १८ लाखांचा लागेल नाही तर शून्याचा. सात लाख वीस हजारांचा निकाल कोणी देणार नाही. सरासरीचं गणित चालतं ते वॉरंटीसारख्या ठिकाणी, जिथे हजारो नग विकलेले असतात आणि किती परत येतात याचा अनुभव हाताशी असतो.

तिसरा मुद्दा, ४ लाख. खात्याने एकच बिल दोनदा मोजलं आणि पोर्टलवरच्या नोंदींवरून ते सरळ दिसतंय. शक्यता नगण्य, नोटेचीही गरज नाही. मात्र कॅरो, म्हणजे ऑडिटरने रिपोर्टमध्ये काय काय सांगायचं याचा सरकारी आदेश, लागू असेल तर ऑडिटर आपल्या रिपोर्टमध्ये वादात असलेली न भरलेली रक्कम दाखवतील, आणि त्यात हे ४ लाखही येतील. मग बँकेचा अधिकारी विचारतो की नोटेतला आकडा आणि ऑडिट रिपोर्टमधला आकडा जुळत का नाही. दोन्हींचा ताळा घालणारा एक कागद आधीच तयार ठेवा.

अपीलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के भरावे लागतात. पहिला मुद्दा मान्य करून सोडलात तर २२ लाखांवर २ लाख २० हजार. हा खर्च नाही. जिंकलात तर परत मिळणार, म्हणून ते डिपॉझिट म्हणून मालमत्तेत. नोटेतल्या १८ लाखांतून ते वजा करू नका, फक्त ‘यापोटी इतके भरले आहेत’ असं लिहा.

आणि हे लेबल कायमचं नसतं. समजा जूनमध्ये अपीलाचा निकाल विरुद्ध आला, वकील म्हणाले की पुढे लढण्यात दम नाही, आणि हिशेबावर संचालकांच्या सह्या ऑगस्टमध्ये व्हायच्या आहेत. घटना ३१ मार्चच्या आधीचीच आहे, निकालाने फक्त खात्री झाली. त्यामुळे नोटेतले १८ लाख व्याज-दंडासकट त्याच ३१ मार्चच्या हिशेबात प्रोव्हिजनमध्ये येतात. ‘निकाल नव्या वर्षात लागला’ हे कारण चालत नाही.

आता सप्लायरकडचे पैसे. इथे नियम मुद्दाम एकतर्फी आहे. देण्यासाठी निम्म्याहून जास्त शक्यता पुरे, येण्यासाठी जवळजवळ पूर्ण खात्री लागते. तुम्ही नोटीस पाठवली, दावा लावला, पर्चेस ऑर्डरमध्ये भरपाईचं कलम आहे, यातलं काहीही उत्पन्न धरायला पुरत नाही. ही कंटिंजंट असेट, म्हणजे मिळेलच अशी खात्री नसलेलं येणं. एएस २९ मध्ये तिची हिशेबात नोटसुद्धा टाकत नाहीत. पैसे येण्याची बरीच शक्यता असेल तर संचालकांच्या अहवालात उल्लेख करतात, एवढंच. मोठ्या कंपन्यांच्या इंड एएस ३७ मध्ये अशा वेळी हिशेबातच नोट द्यावी लागते. म्हणून लिस्टेड कंपनीचा ताळेबंद समोर ठेवून नक्कल करू नका.

उद्या १८ लाखांची प्रोव्हिजन करावी लागली तरी ‘सप्लायर देणारच आहे’ म्हणून ती कमी दाखवता येणार नाही. देणं पूर्ण दाखवायचं. सप्लायरने लेखी कबूल केलं आणि त्याची ऐपत तुम्हाला माहीत आहे, किंवा त्याचीच बिलं तुमच्याकडे थकलेली आहेत आणि त्यातून वळते करायला त्याने लेखी संमती दिली, तरच येणं वेगळ्या ओळीत मालमत्तेत दाखवा, तेही प्रोव्हिजनच्या रकमेपेक्षा जास्त नाही. लवादाचा निकाल तुमच्या बाजूने लागला तरी सप्लायरने त्याला कोर्टात आव्हान दिलं असेल, किंवा त्याच्या शेडला कुलूप असेल, तर अजून थांबा.