आजींचा टोस्ट कसा लिहावा

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला मसुदा वाचला आणि सोबतचं रेकॉर्डिंगही पूर्ण ऐकलं. लेकीच्या न्यू जर्सीच्या रिसेप्शनला वधूच्या आजीने टोस्ट करावा हा तुझ्या आत्याचा आग्रह मला फार आवडला. तो लिहायचं काम तिने तुझ्यावर सोपवलं हेही बरं झालं, कारण आजींच्या जवळ रोज बसणारी तूच आहेस.

मसुद्याची भाषा चांगली आहे, पण त्यात आजी कुठेच बोलत नाहीत. ‘तीन पिढ्यांना जोडणारा संस्कारांचा धागा’ असं तुझ्या आजी आयुष्यात कधी म्हणाल्या नसतील. आधी सगळ्यांचे आभार, मग पणजीपासूनची वंशावळ, मग संसाराचे पाच कानमंत्र, शेवटी श्लोक. हे पाच कानमंत्र उद्या दुसऱ्या कुणाच्या लग्नात वाचले तरी कुणाला फरक कळणार नाही. तो मसुदा बाजूला ठेव.

खरं भाषण रेकॉर्डिंगच्या शेवटी आहे. तुझे प्रश्न संपले, आजी चहा टाकायला उठल्या आणि उठता उठता त्यांनी लक्ष्मीपूजनाची गोष्ट सांगितली. तोवर तू ‘तेव्हा तुला काय वाटलं?’ असंच विचारत होतीस आणि त्या ‘काय वाटणार, आनंदच झाला’ एवढंच म्हणत होत्या. म्हाताऱ्या माणसांना भावना विचारल्या की ती ठरलेलं उत्तर देतात. समोर काय होतं, कोण कुठे बसलं होतं, आधी कोण बोललं, हे विचारलं की खोली डोळ्यांसमोर उभी राहते. पुन्हा बसशील तेव्हा असंच विचार.

त्यांनी सांगितलं ते असं: 1967 साली सातारला सासरी लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले होते आणि आजोबांनी अंगठीने त्यात सुनेचं नवं नाव लिहिलं. आजींच्या डोळ्यांपुढे मुंडावळ्या हलत होत्या, म्हणून पहिली दोनच अक्षरं दिसली. बाकीचं नाव मोठ्या नणंदेने सगळ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनाही कळलं. आपलं नाव काय झालं हे बाईला दुसऱ्याकडून कळतं! यापुढे संस्कारांचा धागा वगैरे काही लिहायची गरज उरत नाही.

आता दुसरी पिढी. तुझ्या आत्याचं लग्न 1996 सालचं. तिला आतोबांनी विचारलं, तिने नाव तेच ठेवलं. मात्र तीन महिन्यांनी ती एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेला गेली. त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे. काही जणींना ती मुभा मिळाली ती थेट 2015 साली. पुण्यातली नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न घरात निघालाच नाही. रेकॉर्डिंगमध्ये आजी इथे थांबतात आणि म्हणतात, ‘मीसुद्धा नाही गं विचारलं.’ तुला जोड हवी होती ना तीन पिढ्यांची? ती या वाक्यात आहे. आजींना कुणी विचारलं नाही, लेकीला एक गोष्ट विचारली आणि दुसरी गृहीत धरली, आणि म्हणून नातीला सांगण्यासारखं आजींकडे काहीतरी आहे. अशा भाषणात बहुतेक जण आजीवरून थेट नातीवर उडी मारतात आणि मधली बाई नुसती ‘माझी लाडकी लेक’ होऊन राहते. तुमच्या घरात तर खरी गोष्ट तिचीच आहे.

म्हणूनच हे व्यासपीठावरून बोलण्याआधी आत्याला विचारायला हवं. आजींनी स्वतः फोन करावा आणि तो भाग शब्दशः वाचून दाखवावा. ‘तुझ्या नोकरीबद्दल थोडं बोलणार आहे’ एवढं सांगून भागणार नाही. आतोबांनाही ऐकवा, कारण त्या वाक्यात तेही आहेत आणि लेकीच्या लग्नात ते यजमान असणार. दोघांपैकी एकालाही नको वाटलं तर तो भाग काढायचा, समजूत घालत बसायचं नाही. मग नुसती तांदळाची गोष्ट आणि नातीला सल्ला, एवढंच राहील. भाषण थोडं हलकं होईल, पण आत्याच्या आनंदाच्या दिवशी तिच्यावर काही लादलं जाणार नाही.

आणखी एक जपायचं. आजोबा आता नाहीत आणि त्या हॉलमध्ये नाव बदललेल्या, ते नाव प्रेमाने मिरवणाऱ्या कितीतरी बायका असतील. रूढीवर एकही शेरा नको. काय घडलं ते सांगायचं आणि पुढे जायचं.

रेकॉर्डिंगमधली आजींचीच वाक्यं जुळवून मी मजकूर असा केला आहे:

‘माझं लग्न 1967 साली सातारला झालं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. मुंडावळ्यांमुळे मला दोनच अक्षरं दिसली. नणंदेने वाचलं, तेव्हा मला माझं नाव कळलं. ह्यांचं अक्षर फार सुंदर होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा कुणालाच विचारत नसत.

‘माझ्या लेकीचं लग्न 1996 साली झालं. तिला विचारलं. तिने नाव तेच ठेवलं, मला बरं वाटलं. तीन महिन्यांनी ती पुण्यातली नोकरी सोडून इकडे आली. नोकरी सोडायची का, हे तिला कुणी विचारलं नाही. जावयांनी नाही, आणि मीही नाही. आम्हाला वाटलं, नावाचं विचारलं म्हणजे सगळं विचारलं.

‘आज माझी नात आणि नातजावई समोर बसलेत. तुम्ही एकमेकांना बरंच विचारलंय, मला ठाऊक आहे. पण घर बदलेल, नोकरी बदलेल, मूल होईल, आम्ही म्हातारे आजारी पडू. तेव्हा पुन्हा विचारा. आधी ठरलं होतं म्हणून धरून बसू नका. आणि विचारलंत की उत्तर येईपर्यंत थांबा. तुम्हा दोघांसाठी हा पेला. नांदा सौख्यभरे!’

‘मीही नाही’ हे शब्द जावयांच्या नंतरच यायला हवेत, ते हलवू नकोस. आई स्वतःला त्यात धरते, म्हणून ते वाक्य कुणावर आरोप होत नाही. आजींना एखादा शब्द बदलावासा वाटला तर मात्र खुशाल बदलू दे.

हा मजकूर मुद्दाम आखूड ठेवला आहे. आजींचा बोलण्याचा वेग मिनिटाला 80 ते 90 शब्दांचा आहे, म्हणजे मराठीतच दीड-पावणेदोन मिनिटं होतील. वरपक्षाला मराठी कळत नाही, त्यामुळे इंग्रजी धरून वेळ दुप्पट होईल. चार-पाच मिनिटांच्या पुढे टोस्ट गेला की टेबलांवर कुजबुज सुरू होते. इंग्रजी नातीच्या भावाने सांगावं, पण प्रत्येक वाक्यामागे नको; त्याने आजींचा सूर तुटतो. सगळं शेवटी एकदम सांगितलं तर अर्धा हॉल डोळे पुसतो आणि उरलेला अर्धा नुसता बघत बसतो. म्हणून एक परिच्छेद आजींचा, मग तोच त्याचा. त्याने ‘आजी म्हणतात की’ असं न म्हणता ‘माझं लग्न’ असंच बोलावं. तांदळात नाव लिहिण्याची पद्धत त्याने सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकावी.

आता वेळ. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा सातारला पहाटेचे साडेचार झालेले असतात. लग्नाच्या दोन दिवस आधी पोचलात तर आजी ऐन टोस्टला पेंगतील, म्हणून निदान आठवडाभर आधी जा. तिथे कार्यक्रमाचा क्रम डीजे आणि हॉलवाले मिळून आधीच ठरवतात, तेव्हा आत्याला आताच सांगून ठेव की आजींचा टोस्ट सगळ्यांत पहिला आणि जेवणाआधी घ्यायचा. त्यांना मधुमेह आहे, जेवण नऊपर्यंत लांबू शकतं. टोस्टच्या आधी त्यांच्या पोटात काहीतरी जाऊ दे.

माइक हातात देऊ नकोस. हातात बांगड्या-पाटल्या असणार, त्यांचा आवाज माइकमधून शब्दांपेक्षा मोठा येतो, शिवाय हातही थरथरतो. स्टँडवरचा माइक माग आणि तो हनुवटीच्या उंचीवर, वीतभर अंतरावर ठेवायला सांग. स्टँड स्पीकरच्या समोर आला तर शिट्टी वाजेल, म्हणून तो स्पीकरच्या मागच्या बाजूला हवा. हॉल रिकामा असताना आजींना एकदा माइकवर बोलू दे. त्यांच्या कानाला यंत्र आहे; आपलाच आवाज भिंतीवरून उशिरा परत आला की अशी माणसं गडबडून गप्प होतात. एकदा ऐकलेलं असलं की त्या थांबणार नाहीत. कागद मोठ्या अक्षरात, 20 पॉइंटमध्ये, एकाच बाजूला छाप आणि प्रत्येक परिच्छेद वेगळ्या पानावर घे, म्हणजे पान उलटलं की भावाची पाळी हे आपोआप ठरेल.

वाइन त्या घेणार नाहीत. त्याच आकाराच्या ग्लासात कोकम सरबत भरून शेजारच्या टेबलावर ठेव. बोलताना ग्लास हातात नको. शेवटच्या वाक्याआधी तू तो पुढे कर. ‘नांदा सौख्यभरे’ म्हणून त्यांनी ग्लास उंच धरायचा आणि तेच शब्द मराठी मंडळींनी एकत्र म्हणायचे, हे दोन-तीन टेबलांवर आधी सांगून ठेव. इतकी वर्षं मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बाया आहेत त्या, लगेच उचलतील. वरपक्षाला ग्लास कधी उचलायचा हे त्यांच्याकडे बघूनच कळेल. ज्यांच्यासाठी टोस्ट आहे ते दोघं तेव्हा बसून राहतात आणि स्वतः पीत नाहीत, एवढं नातीला सांगून ठेव.

आत्या आणि आतोबांशी बोलणं झालं की मला कळव. त्यांनी होकार दिला तर आजींना फोनवर बसव, मी त्यांच्याकडून एकदा वाचून घेते. दुसऱ्या परिच्छेदात त्यांचा आवाज भरून येईल असं मला वाटतं. तिथे कागदावर ‘थांबा’ असं पेन्सिलने लिहून ठेव आणि भावालाही सांग, की त्यांनी मान वर केल्याशिवाय त्याने बोलायला सुरुवात करायची नाही.

तुझ्या,
बाई